कमोड किती उंच हवा? आधी गुडघ्यामागची घडी मोजा

माझ्या आईचा हात मोडला तो माझ्यामुळे. हे लिहायला मला दोन वर्षं लागली, पण दवाखान्यात आठवड्याला एक-दोन जण तरी "डॉक्टर, घरात उंच कमोड बसवू का?" असं विचारतात आणि प्रत्येक वेळी मला आमच्या तेरखेड्याच्या घरातला तो ओटा आठवतो. म्हणून आज तीच गोष्ट सांगतो.

तेरखेडा म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं, वाशी तालुक्यातलं, सोलापूर-धुळे रस्त्यावरचं आमचं गाव. फटाक्यांच्या कारखान्यांमुळे तुम्ही कदाचित नाव ऐकलं असेल. आई तिथे भावाकडे राहते. वय बहात्तर, उंची चार फूट दहा इंच, आणि दोन्ही गुडघे झिजलेले. उजवा गुडघा काटकोनाच्या थोडा पुढेपर्यंतच वाकतो, मग अडतो. जन्मभर देशी बैठकीवर उकिडवं बसण्याची सवय. ते बंद झाल्यावर भावाने घरात कमोड घ्यायचं ठरवलं आणि मला फोन केला. मी फॅमिली डॉक्टर, हाडांचा नव्हे. पण घरातला डॉक्टर म्हटल्यावर सगळंच विचारलं जातं.

मी न बघता, न मोजता सांगितलं, "उंच घे. गुडघेवाल्यांना उंचच चांगला." दुकानात 'कम्फर्ट हाइट' नावाचं भांडं मिळालं नाही. गवंडी म्हणाला, साधंच भांडं बसवू आणि खाली चार इंचांचा ओटा करू. मी फोनवर होकार दिला. भाऊही खूश, कारण तो सहा फूट एक इंच. पाहुण्यांकडच्या कमोडवर बसलं की त्याचे गुडघे छातीशी येतात म्हणून तो नेहमी कुरकुरायचा.

महिनाभरानं मी गावी गेलो तेव्हा आई म्हणाली, "पाय टेकत न्हाईत रं. झोपाळ्यावर बसल्यागत वाटतंय. पोट बी साफ होत न्हाई." मी हसून सवय होईल म्हणालो आणि पोटासाठी इसबगोल लिहून दिलं. तिने तिचा उपाय शोधला होता: पायाखाली प्लॅस्टिकचं छोटं स्टूल. पुढच्याच आठवड्यात पहाटे उतरताना ते ओल्या फरशीवर सरकलं. पडताना तिने डावा हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. खुबा मोडला नाही एवढंच नशीब.

आता चूक नेमकी कुठे झाली ते बघू, कारण ती चूक फार घरांत होते.

नेहमीचं जमिनीवर बसवायचं कमोडचं भांडं फरशीपासून साधारण १५ ते १६ इंच उंच असतं. त्यावर सीट बसली की आणखी जवळपास एक इंच वाढतो. म्हणजे तुमची मांडी जिथे टेकते ती जागा साधारण १६ ते १७ इंचांवर येते. 'कम्फर्ट हाइट' म्हणून जे विकलं जातं त्याची सीटसकट उंची १७ ते १९ इंच. हा आकडा अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या इमारत-नियमांतून आला आहे. त्यामागचं एक मोठं कारण असं की चाकाच्या खुर्चीची बैठकही साधारण तितकीच उंच असते. दोन्ही सपाटी एका पातळीवर असल्या की माणूस खुर्चीतून बाजूला सरकून कमोडवर जाऊ शकतो. ज्याला ही गरज आहे त्याच्यासाठी ते माप अगदी योग्य आहे. पण दुकानात ते 'म्हाताऱ्यांसाठी आरामदायी' या नावाने विकलं जातं आणि आपण विचारत नाही की कुणाच्या म्हाताऱ्यांसाठी.

कमोडची उंची ठरवायला शरीराचं एकच माप लागतं. माणसाला टणक खुर्चीवर किंवा पलंगाच्या कडेवर असं बसवा की मांडी जमिनीला समांतर आणि पोटरी सरळ खाली. पायात बाथरूममध्ये घालायची चप्पल असेल तर तीही घालू द्या. आता गुडघ्याच्या मागे, जिथे पाय दुमडतो तिथे जी घडी पडते, तिथपासून जमिनीपर्यंत टेप धरा. हे माप ढोबळमानाने उंचीच्या एक चतुर्थांश येतं. पण पायांची लांबी माणसागणिक वेगळी असते, तेव्हा हिशेब न करता मोजाच.

प्लास्टर घातल्यावर, उशिरा का होईना, मी आईचं माप घेतलं. साडेचौदा इंच. ओट्यावरच्या सीटची उंची मोजली. साडेवीस! म्हणजे मी माझ्या आईला तिच्या गुडघ्यापेक्षा सहा इंच उंच बसवलं होतं. ओटा केलाच नसता तर ती साडेसोळावर बसली असती, गुडघ्याच्या घडीपेक्षा दोन इंच वर. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला साधारण एवढंच हवं असतं. दुकानातला साधा कमोड हाच माझ्या आईचा 'कम्फर्ट हाइट' होता, आणि मी त्याच्यावर पैसे खर्च करून तो बिघडवला.

दोन इंच वर का, तेही सांगतो. खुर्चीतून उठताना आपण आधी पाय थोडे मागे घेतो, मग धड पुढे झुकवतो आणि वजन टाचांवर आणून मांडीच्या पुढच्या स्नायूंनी गुडघा सरळ करतो. बैठक जितकी खाली तितका गुडघा जास्त दुमडलेला, धड जास्त पुढे झुकवावं लागतं आणि स्नायूंवर भार जास्त. गुडघा ज्यांचा काटकोनाच्या पुढे फारसा वाकतच नाही, त्यांना पाय मागे घेताच येत नाहीत. मग ते हाताने नळ धरून स्वतःला ओढतात. बैठक थोडी वर आली की हा सगळा त्रास लक्षणीय कमी होतो. पण हे फक्त टाचा टेकलेल्या राहतात तोपर्यंतच. टाचा उचलल्या गेल्या की जोर लावायला जमीनच उरत नाही, आणि उतरणं म्हणजे कड्यावरून सरकत खाली येणं होतं. आखडलेल्या सांध्यांच्या माणसाला घडीपेक्षा एक ते दोन इंच वर, फार तर तीन; आणि टाचा सुटल्या तर तिथेच थांबायचं.

पायांचं अधांतरी असणं पोटालाही भोवतं. गुदाशयाच्या खालच्या टोकाला एक स्नायूचा पट्टा मागून वेढा घालून पुढे ओढून धरतो, त्यामुळे तिथे एक वाक तयार होतो. आपल्याला रोखून धरता येतं ते त्यामुळेच. उकिडवं बसलं की हा पट्टा सैल पडतो, वाक बराच सरळ होतो आणि वाट मोकळी होते. कमोडवर ते तेवढं होत नाही, उंच कमोडवर आणखी कमी; आणि पाय लोंबकळत असतील तर माणूस पडू नये म्हणून मांड्या-नितंब आवळून बसतो, म्हणजे सैल व्हायचं तेच घट्ट होतं. शिवाय सीटची पुढची कड मांडीत रुतून पायाला मुंग्या येतात, त्या मुंग्या आलेल्या पायावर उठणं आणखी धोक्याचं. आईच्या बद्धकोष्ठाला मी इसबगोल देत होतो आणि कारण ओट्यात होतं.

"मग पायाखाली पाट ठेवायचा ना," असं तुमच्यातले काही म्हणतील. ज्याचे सांधे चांगले आहेत, ज्याचा तोल चांगला आहे आणि ज्याला कुंथावं लागतं, त्याला चार-सहा इंचांचा पाट उत्तमच. माझ्या भावाला मी तोच सांगितला. पण ज्याचा खुबा किंवा गुडघा वाकत नाही, त्याच्यासाठी पाट म्हणजे बैठक आणखी खाली आणल्यासारखंच. आणि खुब्याचा सांधा बदलल्यावर सर्जनने काटकोनाच्या पुढे खुबा वाकवायचा नाही असं सांगितलेलं असतं, त्या काळात पाट अजिबात नको. अशांनी पाय सपाट टेकवून, जमेल तेवढंच पुढे झुकून, कोपरं मांडीवर ठेवून बसावं. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांनी झुकण्याचं प्रमाणही सर्जनलाच विचारावं. पाट वापरणाऱ्यांनीही उठण्याआधी तो पायाने बाजूला सारायचा. खाली रबर नसलेलं प्लॅस्टिकचं स्टूल तर नकोच, हे मी आता कुणाला पटवून द्यायला नको.

खुबा बदललेल्यांचा नियम थोडा वेगळा आहे. बसल्यावर त्यांचा गुडघा खुब्यापेक्षा खाली राहिला पाहिजे. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे दोन-तीन इंच वर बसणं त्यांना गरजेचंच असतं. पण तिथेही वर म्हणजे त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याच्या घडीपेक्षा वर. दुकानाच्या आकड्यापेक्षा नव्हे. आणि ही गरज काही आठवड्यांची असते. तेवढ्यासाठी फरशी फोडू नका, वरून बसवायची उंच सीट आणा.

ही उंच सीट, म्हणजे 'रेझर', सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळते. दोन, चार, सहा इंच अशा जाडीत येते. घेताना भांड्याला चिमट्याने किंवा स्क्रूने आवळता येणारीच घ्या. नुसती वर ठेवायची असेल तर माणूस तिरका बसला की ती सरकते. माझा त्याहून आवडता उपाय म्हणजे मधे भोक असलेली खुर्ची, जिचे चारही पाय बटण दाबून वरखाली करता येतात. ती सरळ कमोडच्या भांड्यावर ठेवायची. तिला हात असतात, त्यामुळे उठताना दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. शंभर शब्दांच्या सल्ल्यापेक्षा ही खुर्ची आठवडाभर घरात ठेवून वेगवेगळ्या उंचीवर बसून बघणं चांगलं. काय जमतं ते घरच्यांनाच कळतं. पायांची रबरी टोपणं झिजली आहेत का ते मात्र दर महिन्याला बघत जा.

बैठक चुकली आहे हे ओळखायला म्हाताऱ्या माणसाला विचारून फार उपयोग होत नाही, कारण या विषयावर बोलायला ती लाजतात. बाथरूमच पाहा. जवळचा नळ किंवा जेटचा पाइप ढिला झाला आहे, टॉवेलची दांडी वाकली आहे, तर कुणीतरी ती धरून उठतं आहे: बैठक खाली आहे किंवा धरायला काही नाही. सीटच्या मागच्या बिजागऱ्या तुटल्या आहेत, सीटला तडा आहे, तर शेवटचे चार इंच माणूस धपकन टाकून देतो आहे. उलट सीटची फक्त पुढची कड घासलेली असेल आणि कमोडसमोर काहीबाही पालथं घालून ठेवलेलं असेल, डबा, विटा, स्टूल, तर बैठक वर आहे. आमच्या घरात स्टूल माझ्या डोळ्यांसमोर होतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. ज्या सीटवरून माणूस वर्षानुवर्षं उठत होता, त्याच सीटवरून दोन-चार आठवड्यांत उठता येईनासं झालं, जिना चढताना मांड्या भरून येऊ लागल्या, तर उंची बदलू नका, डॉक्टरांकडे या. थायरॉइड, ड जीवनसत्त्वाची कमतरता, बराच काळ घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, मणक्यातली नस दबणं, अशी कारणं त्यामागे असू शकतात.

आता ओट्याबद्दल. आमच्याकडे भांडं उंच करायला सिमेंटचा ओटा करायची पद्धत सर्रास आहे. कधीकधी तो लागतोही. उंच आणि गुडघे आखडलेल्या माणसाला साधं भांडं खरोखरच कमी पडतं. पण गवंडी बऱ्याचदा ओटा भांड्याच्या पुढे फूटभर आणतो, दिसायला बरं म्हणून. मग पाय ओट्यावरच टेकतात, म्हणजे उंची काहीच वाढत नाही, आणि वर उतरायला एक पायरी मिळते. ओटा करायचाच तर भांड्याच्या बुडाच्या आकाराचा, त्याबाहेर एक बोटही नको. आमच्या गवंड्याने नेमका तसा चोख केला होता. काम उत्तम, माप माझं चुकीचं.

आईचं प्लास्टर निघायच्या आधी आम्ही तो ओटा फोडला. भांडं सिमेंटात बसवलेलं असल्याने काढताना तडकलं, नवीन आणावं लागलं. नवीन भांडं सरळ फरशीवर बसवलं. सीटसकट उंची साडेसोळा. बाजूच्या भिंतीला सीटपासून नऊ इंच वर एक आडवी स्टीलची दांडी लावली. तिचं मनगट अजून नाजूक होतं म्हणून मुठीने धरण्याऐवजी कोपरापासूनचा हात टेकवून जोर लावता येईल इतकी ती पुढेपर्यंत आणली. दांडी लावताना एक काळजी घ्या. पडताना माणूस पूर्ण वजनानिशी तिला लोंबकळतो. तेव्हा स्क्रू नुसत्या टाइलमध्ये नको, मागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोल गेला पाहिजे. टाइल वाजवून बघा, पोकळ वाजली तर जागा बदला. लावून झाल्यावर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने ती जोर लावून ओढून पाहावी. आमच्याकडे ते काम भावाने केलं. चोखणीवर चिकटवायच्या दांड्या मिळतात, त्यांचा या कामाला उपयोग नाही.

समोरची जागाही सोडवली. तिथे बादली आणि कपड्यांची टोपली असायची. उजवा गुडघा न वाकणाऱ्या माणसाला बसता-उठताना तो पाय पुढे पसरायला जागा लागते. टोपली बाहेर गेली, आणि मला वाटतं त्याचा दांडीइतकाच उपयोग झाला.

राहिला भाऊ. त्याची गुडघ्याची घडी साडेअठरा इंचांवर. म्हणजे साडेसोळाच्या सीटवर तो दोन इंच खाली बसतो. तो म्हणाला, "म्हणजे तुझ्या हिशेबात मी कुठंच न्हाई." हिशेबात तो होता, फक्त दुसऱ्या क्रमांकावर. त्याचे सांधे धड आहेत. निरोगी माणूस घडीपेक्षा थोडा खाली बसला तर उठताना दोन क्षण जास्त लागतात, पोटाला उलट बरंच असतं. एकच कमोड असेल तर तो घरातल्या त्या माणसाच्या मापाने बसवावा ज्याला दुसरं काही जमणार नाही. खाली असलेली बैठक रेझर लावून वर नेता येते. वर सिमेंटात बसलेली बैठक खाली आणायला फरशी फोडावी लागते. लहान मुलांनाही तीच बैठक बरी पडते.

त्याच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली तर गोष्ट बदलेल, हे मी त्याला सांगितलं आहे. सव्वासहा फुटी, आखडलेल्या पाठीचे एक शिक्षक माझ्याकडे येतात. त्यांना एकोणीस इंचही कमी पडत होते, त्यांच्या घरी वीस इंचांवर बैठक आहे आणि ते सुखी आहेत. उंच भांडं वाईट असं मी कधीच म्हणणार नाही.

गेल्या महिन्यात भावाने वरचा मजला बांधायला काढला. तिथे भिंतीला टांगायचा कमोड घ्यायचा आहे, जो हव्या त्या उंचीवर बसवता येतो. मात्र त्याची लोखंडी चौकट भिंतीत टाइल लावण्याआधीच पक्की करावी लागते आणि नंतर बदलता येत नाही. या वेळी फोनवर काहीच सांगितलं नाही, रविवारी तेरखेड्याला गेलो. त्याला बाकड्यावर बसवलं, टेप धरला, पुन्हा साडेअठरा. त्याच्या दोन्ही मुलांचीही मापं घेतली, थोरला आताच बापाच्या खांद्याला लागला आहे. सीटची उंची अठरा ठरली. प्लंबर कच्च्या जमिनीपासून मोजू लागला तेव्हा त्याला थांबवलं: त्यावर अजून कोबा आणि टाइल येणार, दोन-अडीच इंच तिथेच जातील, शिवाय वरच्या सीटचा एक इंच धरायचा. त्याने पुन्हा हिशेब केला आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. आई जिन्याखालून ओरडून विचारत होती, "आता कुणाच्या मापाचा करायलाय रं?"